पंधरा दिवसांसाठी उघडलेली वाट

सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीचा पॅच आला त्याच दिवशी प्रेमिला गजभिये वामनराव सरांच्या केबिनबाहेर जाऊन बसली. डॉ. वामनराव देशकर हे हॉस्पिटलचे संचालक. धंतोलीतलं ते दोनशे खाटांचं हॉस्पिटल त्यांनी पंचवीस वर्षांत उभं केलं होतं. प्रेमिला तिथे अकरा वर्षांपासून होती. हॉस्पिटलचं ईआरपी तिच्या ताब्यात होतं. पेशंटची नोंदणी, औषधांचा साठा, लॅबचे रिपोर्ट, वॉर्डातले चार्ट, सगळं त्या एकाच प्रणालीवर चालायचं.

"सर, पोर्टलच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठा दोष निघाला आहे," ती आत गेल्यावर म्हणाली. "बनवणाऱ्यांनी आज दुरुस्ती काढली. दोन तास पोर्टल बंद ठेवून ती बसवावी लागेल."

"कोणतं पोर्टल?"

"बाहेरचं. औषधवाले त्यांची कागदपत्रं टाकतात, बाहेरगावचे डॉक्टर रिपोर्ट पाहतात, ते. इंटरनेटवरून दिसतं तेच, म्हणून घाई आहे."

वामनरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मानांकनवाले बावीस तारखेला येऊन राहिले. सगळे सप्लायर आत्ता सर्टिफिकेटं टाकताहेत. दोन तास बंद ठेवलं आणि नंतर चालू नाही झालं तर?"

"तसं होऊ नये म्हणून आधी टेस्ट करीन."

"तपासणी होऊ दे. तेवीसला कर."

"सर, अकरा दिवस होतील."

"तोवर तुझ्याकडे काही उपाय नाही का? तूच तर ते सगळं इतकं पक्कं बांधलंस."

ते खरं होतं. चार वर्षांपूर्वी नवीन ईआरपी घेतलं तेव्हा प्रेमिलानं हॉस्पिटलच्या नेटवर्कचे तीन पट्टे पाडले होते. बाहेरच्या पट्ट्यात फक्त रिव्हर्स प्रॉक्सी आणि पोर्टल. मधल्या पट्ट्यात ईआरपीचा मुख्य सर्व्हर. सगळ्यात आतल्या पट्ट्यात डेटाबेस, बॅकअप आणि रक्तपेढीचा संगणक. इंटरनेटवरून येणारी प्रत्येक मागणी आधी प्रॉक्सीकडे यायची. प्रॉक्सी ती तपासायचा, ठरावीक पानांचीच मागणी पोर्टलपर्यंत जाऊ द्यायचा. पोर्टलला काही माहिती हवी असली की त्यानं मधल्या सर्व्हरला विचारायचं, आणि डेटाबेसशी बोलायची परवानगी फक्त त्या मधल्या सर्व्हरला. नव्या सिस्टर लोकांना ट्रेनिंग देताना ती सांगायची, "बाहेरचा माणूस गेटवरून सरळ ऑपरेशन थिएटरमध्ये जाते का? नाही ना? बस, तसंच आहे."

"उपाय आहे," ती वामनरावांना म्हणाली. "ज्या पानातून हा दोष वापरता येतो ते पान प्रॉक्सीवरच बंद करते. पण ती मलमपट्टी झाली, सर. दोष आत तसाच राहील."

"कर. आणि मला मेल टाकून ठेव."

तिनं मेल टाकला. पान बंद केलं. बाहेरून स्वतःच्या मोबाइलवर तपासून पाहिलं. प्रॉक्सीनं मागणी नाकारली. त्या संध्याकाळी हुडकेश्वरच्या बसमध्ये बसताना तिला बऱ्यापैकी निश्चिंत वाटत होतं.

आठव्या दिवशी, मंगळवारी, सकाळी सव्वादहाला डेटाबेस जड चालू लागला.

ओपीडीची गर्दी असली की असं व्हायचं, म्हणून आधी तिनं फार मनावर घेतलं नाही. मग स्कॅन केलेल्या जुन्या रिपोर्टांचा फोल्डर उघडला तर फायलींच्या नावांपुढे एक अनोळखी शेपूट लागलं होतं. एक उघडून पाहिली. उघडेना. दुसरी उघडेना. ती पाहत असतानाच यादीतली आणखी चाळीस नावं बदलली.

डेटाबेसशी कोण कोण जोडलेलं आहे ते तिनं काढून पाहिलं. मधला सर्व्हर होता, तो असायलाच हवा. त्याच्याखाली आणखी एक पत्ता होता. बाहेरच्या पट्ट्यातला. पोर्टलचा.

असं होऊ शकत नव्हतं. पोर्टलला डेटाबेसपर्यंत पोचायला रस्ताच नव्हता. आणि मग तिला आठवलं.

सोळा महिन्यांपूर्वी हॉस्पिटलनं डॉक्टरांसाठी मोबाइल ॲप बनवायला एका बाहेरच्या कंपनीला दिलं होतं. विश्वस्तांसमोर ते दाखवायचं होतं आणि मधल्या सर्व्हरकडून माहिती घेण्याचं काम कंपनीचं पूर्ण झालं नव्हतं. कंपनीची मुलं फोनवर गयावया करत होती: आम्हाला पोर्टलच्या मशीनवरून डेटाबेसला थेट जोडू द्या, आणि टेस्टसाठी प्रॉक्सी टाळून पोर्टलचा एक वेगळा पत्ता द्या, फक्त पंधरा दिवस. वामनरावही म्हणाले होते, दे त्यांना. प्रेमिलानं फायरवॉलवर, म्हणजे पट्ट्यांमधली ये-जा अडवणाऱ्या भिंतीवर, दोन नियम लिहिले. डेटाबेसवर त्यांच्यासाठी खातं काढलं. नेमके कोणते अधिकार लागतील हे त्यांनाही सांगता येईना, म्हणून खात्याला सगळेच अधिकार देऊन टाकले. कार्यक्रम झाला. टाळ्या पडल्या. पुढच्या आठवड्यात प्रेमिलाची आई आजारी पडली आणि ती महिनाभर दवाखान्याच्या फेऱ्यांत होती. ते ॲप नंतर कुणी वापरलंही नाही.

प्रॉक्सीवर तिनं पान बंद केलं होतं खरं. पण प्रॉक्सीला वळसा घालून पोर्टलपर्यंत जाणारी ती दुसरी वाट उघडीच होती, आणि तिच्या शेवटी पॅच न बसवलेलं पोर्टल होतं. इंटरनेटवरचे असे पत्ते शोधत फिरणारे लोक असतात. त्यांना ते सापडलं. दोष वापरून ते पोर्टलच्या मशीनमध्ये शिरले, तिथल्या फायलीत डेटाबेसच्या त्या खात्याचा पासवर्ड लिहिलेला होता, आणि पुढचा रस्ता तिनंच मोकळा करून ठेवलेला होता.

डेटाबेसच्या सर्व्हरवरून आता बॅकअपच्या मशीनवर लॉगिनचे प्रयत्न चालू झाले होते. एक, दोन, पाच. मग रक्तपेढीच्या संगणकावर.

ती सर्व्हर रूमकडे पळाली. पळतानाच तिनं कॅज्युअल्टीला फोन लावला. तिथे सिस्टर अरुंधती इनचार्ज होत्या, वीस वर्षं जुन्या.

"सिस्टर, मी डेटाबेस तोडून राहिली. आत्ताच्या आत्ता. सगळ्यांना कागदावर घ्या."

"अवो, थांबा!" अरुंधती ओरडल्या. मागे स्ट्रेचर ओढल्याचा आवाज येत होता. "रोज सकाळी सहाला नोंदींची प्रिंट निघते तिच्यात वॉर्डातले पेशंट आहेत, माह्या इथले नाहीत. नऊनंतर सात जण आले. त्यांचं जुनं काहीच काढलं नाही अजून. एकेक पान उघडाले पाच-पाच मिनिटं घेऊन राहिलं हे. मले दहा मिनिटं द्या."

प्रेमिला सर्व्हर रूमच्या दारात उभी होती. समोरच्या रॅकवर हिरवे दिवे भराभर लुकलुकत होते.

"दहा मिनिटं नाहीत, सिस्टर."

"पाच द्या."

"बॅकअप गेला तर काहीच परत येणार नाही. रक्तपेढीही जाईल." ती बोलता बोलता रॅकच्या मागे गेली. "सगळ्यांना विचारून घ्या. एकेकाला तोंडी विचारा."

तिनं डेटाबेसची नेटवर्क केबल ओढून काढली. दहा वाजून अडतीस मिनिटं झाली होती. मग पोर्टलचीही काढली. खाली पाच मजल्यांवर सगळ्या पडद्यांवर एकच ओळ आली, की सर्व्हरशी संपर्क होत नाही.

बॅकअप वाचला. रक्तपेढी वाचली. तपासाला आलेल्या माणसांनी नंतर नोंदी पाहून सांगितलं, की बॅकअपच्या मशीनवर चोरांचं पहिलं लॉगिन केबल निघण्याच्या दोन मिनिटं आधी झालेलं होतं. सगळं पुसण्याची आज्ञा तेवढी द्यायची बाकी होती.

कॅज्युअल्टीतल्या त्या सात जणांत उमरेडजवळच्या एका गावातल्या पंचफुला ठवरे होत्या. वय एकसष्ट, साखरेचा आजार, पायाला जखम होऊन ताप चढलेला. नवरा धोंडबा आणि सून कौसल्या त्यांना पहाटे गाडी करून घेऊन निघाले होते. दोन वर्षांपूर्वी याच हॉस्पिटलात त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. त्या वेळी एका इंजेक्शननं अंगभर गांधी उठून त्यांचा श्वास अडकला होता, आणि पेनिसिलीनच्या जातीचं काहीही द्यायचं नाही अशी लाल अक्षरांतली नोंद ईआरपीत झाली होती. जुनी फाईल आणायची का, असं धोंडबांनी आदल्या दिवशी फोन करून विचारलं होतं. रिसेप्शनवरून सांगितलं, फाईल नको, सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे.

साडेदहाच्या सुमाराला धोंडबा रक्ताच्या नमुन्याची बाटली घेऊन लॅबमध्ये गेले होते. तिथल्याही संगणकावर ती ओळ आली आणि लाइन थांबली. इकडे कॅज्युअल्टीत शिकाऊ डॉक्टरनं कागदावर केस लिहायला घेतली. अरुंधतींनी बजावल्याप्रमाणे त्यानं विचारलंही. पंचफुला तापानं गुंगीत होत्या. त्यानं कौसल्याला विचारलं, "याआधी कोणत्या औषधाचा त्रास?"

कौसल्याच्या लग्नाला आठ महिने झाले होते. "नाही बा," ती म्हणाली, "मले तं नाही माहीत."

त्यानं कागदावर 'नाही' लिहिलं.

इंजेक्शन अकराला दहा कमी असताना दिलं. बारा मिनिटांत पंचफुलांचा गळा सुजला. अरुंधती स्वतः धावल्या, ॲड्रिनलिन दिलं, नळी घातली, हृदय बंद पडलं होतं ते पुन्हा सुरू केलं. धोंडबा लॅबमधून परत आले तेव्हा पडद्यामागे सात-आठ माणसं होती आणि कौसल्या भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती.

पंचफुला गुरुवारी दुपारी गेल्या.

प्रेमिलाला ते त्याच दिवशी कळलं नाही. ती दोन दिवस बॅकअपवरून डेटाबेस उभा करत होती. नवा सर्व्हर, नवे पासवर्ड, प्रत्येक मशीन तपासून मगच जोडायचं. बुधवारी संध्याकाळी वॉर्डातले चार्ट परत दिसू लागले तेव्हा कुणीतरी तिला चहा आणून दिला आणि शाबास म्हटलं. शुक्रवारी कँटीनमध्ये अरुंधती तिच्यासमोर येऊन बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. रडल्या नाहीत. शेवटी एवढंच म्हणाल्या, "मी तुले दोष देऊन राहिली नाही वं. पण पाच मिनिटं तरी मिळाली असती तं तिचं पान म्या उघडलं असतं. यादीत दुसऱ्या नंबरवर होतं तिचं नाव."

प्रेमिलानं डबा न उघडताच उचलला. टेबलावर जाऊन तिनं फायरवॉलचे नियम काढले. एकशे बेचाळीस होते. एकशे सतरावा आणि एकशे अठरावा. दोन्हींपुढे तारीख, तिची आद्याक्षरं, आणि तिनंच लिहिलेला शेरा: पंधरा दिवसांसाठी. ते दोन नियम अजून तिच्याशिवाय कुणी नीट वाचलेले नव्हते. तपासाची माणसं सोमवारी फायरवॉलकडे वळणार होती. नियम तर आता काढायचेच होते. ते काढणं हेच तिचं काम होतं. काढताना जुनी प्रत ठेवली नाही, तर पोर्टल डेटाबेसपर्यंत कसं पोचलं याचं उत्तर पोर्टलच्या सदोष सॉफ्टवेअरवर ढकलता आलं असतं.

तिनं जुन्या नियमांची प्रत काढून तपासणाऱ्यांना मेलवर पाठवली, वामनरावांना पाठवली, आणि मग ते दोन नियम बंद केले. मेलमध्ये लिहिलं, की हे मी उघडले होते आणि बंद करायचे राहिले.

वामनरावांनी तिला शनिवारी बोलावलं. या चार दिवसांत ते म्हाताऱ्यासारखे दिसू लागले होते.

"हा मेल पाठवायच्या आधी माझ्याकडे यायचं होतंस," ते म्हणाले.

"आले असते तर तुम्ही पाठवू दिला असता का, सर?"

त्यांनी समोरचे कागद बाजूला सारले. "ठवरेंच्या घरच्यांना आपण सांगितलंय, औषधाची प्रतिक्रिया होती, होऊ शकते. ते खोटं नाही. संगणकाचा विषय त्यात कशाला आणायचा? त्यांना ते कळणारही नाही."

"कळंल. मी सांगितलं तर कळंल."

"प्रेमिला, पॅच मी थांबवला. तो तुझा मेल माझ्याकडे आहे. मी तुला एकटीला पुढे करणार नाही. पण तूही हॉस्पिटलला पुढे करू नकोस. इथे रोज दोनशे माणसं बरी व्हायला येतात."

"ते थेच समजून आले होते, सर. फाईल नको, सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे म्हणून आपण सांगितलं त्यांना."

वामनरावांनी खिडकीकडे पाहिलं. खाली रस्त्यावर ॲम्ब्युलन्सला वाट मिळत नव्हती, ती नुसती ओरडत उभी होती. "तू जे करशील ते राजीनामा देऊन कर," ते हळू म्हणाले.

तिनं तिथेच कागद मागितला आणि राजीनामा लिहून दिला.

पुढच्या बुधवारी ती उमरेडची बस धरून गेली. अरुंधतींनी पत्ता दिला होता. त्या स्वतः यायला तयार नव्हत्या. ठवरेंच्या अंगणात खुर्च्या मांडलेल्या होत्या, भेटायला येणाऱ्यांसाठी. धोंडबा बाजेवर बसले होते. त्यांनी आधी तिला हॉस्पिटलची सोशल वर्कर समजून पाणी दिलं.

"मी तिथले कॉम्प्युटर सांभाळत होती," तिनं सांगितलं. "तुमच्याशी एक बोलायचं होतं."

ती बोलली. पोर्टल, प्रॉक्सी असले शब्द तिनं टाळले. बाहेरून आत यायचा एक रस्ता मी थोड्या दिवसांसाठी उघडला होता, बंद करायचा विसरली, त्या रस्त्यानं चोर आले. ते सगळंच नासवणार होते म्हणून मी घाईनं सगळं तोडलं. तोडलं म्हणून डॉक्टरला यांची जुनी नोंद दिसली नाही. त्या नोंदीत ते इंजेक्शन देऊ नका असं लिहिलं होतं.

कौसल्या दारात उभी होती. तिच्या तोंडून एक आवाज निघाला. "म्हणजे लिहिलेलं होतं?" ती म्हणाली. "मी नाही म्हणली म्हणून नाही ना दिलं?"

"तुम्हाला माहीतच नव्हतं, ताई. ते सांगायचं काम तुमचं नव्हतं. आमचं होतं."

कौसल्या उंबऱ्यावर बसली आणि पदर तोंडाशी घेऊन हमसून रडू लागली. आठ दिवस ती घरात कुणाशी बोललीच नव्हती, हे प्रेमिलाला नंतर कळलं.

मग धोंडबांनी विचारलं, "मी लॅबमधी उभा होतो. वीस पावलं दूर. मले काहून नाही इचारलं कोणी?"

धोंडबा बाजेवर पुढे सरकले.

"तोडाच्या आधी तुमाले फोनवर कोणी थांब म्हणलं होतं का?"

"हो."

"मंग?"

"मी नाही थांबली. थांबली असती तर दोनशे लोकांच्या नोंदी गेल्या असत्या. रक्तपेढी गेली असती. आजही मी तेच केलं असतं, बाबा. पण तो रस्ता मी बंद केला असता तर हे करायची पाळीच आली नसती."

धोंडबांनी मान हलवली. ती संमती नव्हती, ऐकलं, एवढंच. "मले माफ करा असं म्हणू नका," ते म्हणाले. "मले थे जमणार नाही."

"त्यासाठी नाही आली मी."

"मंग हे सगळं कागदावर लिहून द्या. तारीख घाला. सही करा. तिथं गेल्यावर आमचं कोणी ऐकत नाही. कागद पायजे."

कौसल्यानं डोळे पुसले, आत जाऊन पोराटोराच्या वहीसारखी एक वही आणि पेन आणलं. प्रेमिला बाजेच्या कडेला बसून लिहू लागली. पॅच कधी आला, कधी थांबला, कुणी थांबवला, नियम कुणी उघडले, केबल किती वाजता निघाली. साडेतीन पानं झाली. धोंडबांनी ती वाचता येत नसतानाही एकेक पान उलटून पाहिलं, कौसल्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं, दोन ठिकाणी थांबवून पुन्हा विचारलं. मग पानं नीट घडी करून खिशात ठेवली.

त्या कागदावर तक्रार उभी राहिली. चौकशी अडीच वर्षं चालली. हॉस्पिटलनं शेवटी चूक लेखी मान्य केली आणि वामनराव संचालकपदावरून उतरले. प्रेमिलाची साक्ष दोनदा झाली. शहरातल्या कुठल्याच हॉस्पिटलनं तिला पुन्हा कामावर घेतलं नाही. हिंगण्याच्या एका कारखान्यात तिला उशिरानं नोकरी मिळाली. दुसऱ्या साक्षीच्या दिवशी धोंडबा तिला जिन्यात भेटले. दोघंही थांबले. त्यांनी तिच्याकडे पाहून मान लववली आणि कौसल्याचा हात धरून एकेक पायरी उतरत खाली गेले.